दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट बदलायचा फोन : मराठी बोलायला शिकणाऱ्यांसाठी संवाद तपासून द्या

कट्ट्यावरचा_मास्तर

आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी आम्ही मराठी बोलायचा वर्ग घेतो. बाणेरमध्ये आयटीवाले भरपूर, त्यामुळे माणसं केरळपासून लखनौपर्यंतची. ‘माझं नाव अमुक, मी तमुक ठिकाणी राहतो’ हा टप्पा सगळ्यांनी ओलांडलाय. भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी बोलतात. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण फोन आला की गाडी हिंदीवर जाते. समोर तोंड दिसत नाही, हातवारे नाहीत, म्हणून अडतात.

पुढच्या रविवारी दातांच्या दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट बदलून घेणं हा प्रसंग घ्यायचं ठरवलंय. मी लिहिलेला संवाद खाली देतोय. कुठे कृत्रिम वाटतंय ते सांगा.

— नमस्कार, दातांचा दवाखाना.
— नमस्कार. माझं नाव मीनाक्षी नायर आहे. माझी उद्या संध्याकाळी सहा वाजता अपॉइंटमेंट आहे. मला ती बदलायची आहे.
— ठीक आहे. तुम्हाला कधी यायचं आहे?
— मला शुक्रवारी सहा वाजता यायचं आहे.
— हो, शुक्रवारी सहा वाजता या.
— धन्यवाद.
— धन्यवाद.

---

नाना_सदाशिव

उपक्रम स्तुत्य. पण मराठी शिकवताय ना, मग ‘अपॉइंटमेंट’ कशाला? ‘भेटीची वेळ’ म्हणा. ‘दातांचा दवाखाना’ऐवजी ‘दंतचिकित्सालय’ म्हणा. आणि ‘बदलायची आहे’ हे मोघम झालं. ‘पुढे ढकलायची आहे’ असं नेमकं शिकवा. मराठीत पुढे म्हणजे नंतर, मागे म्हणजे आधी. हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही.

---

लवंगतेल

उद्यापर्यंत थांबायचं असेल तर कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घेऊन दाढेत धरा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. माझ्या सासूबाईंना यानेच आराम पडला होता. शुक्रवारपर्यंत कळ काढू नका, मास्तर.

---

कट्ट्यावरचा_मास्तर

@लवंगतेल, दाढ माझी नाही हो, संवादातली आहे!

@नाना, आमच्या वर्गातल्या कुणी खरंच फोन करून ‘दंतचिकित्सालय का?’ असं विचारलं तर पलीकडची मुलगी राँग नंबर म्हणून ठेवून देईल.

---

काउंटरवरची

मी सांगलीत एका दातांच्या दवाखान्यात बरीच वर्षं फोन आणि डायरी सांभाळली. मास्तर, इतका सरळ फोन मला कधी आला नाही, आणि मी कधी इतकं सरळ बोललेही नाही.

पहिलं म्हणजे आम्ही ‘नमस्कार, दातांचा दवाखाना’ म्हणत नाही. फोन उचलला की ‘हां, बोला’. समोर एक जण पैसे देत उभा असतो, आतून सर हाक मारत असतात, सोफ्यावरचं पोर रडत असतं. म्हणून शिकणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत काम सांगता आलं पाहिजे. नाव, पत्ता, मी कोण, असं सुरू केलं की मी मधेच तोडणार.

दुसरं, दिवस आणि वेळ पेशंट ठरवत नाही. मी डायरी बघते आणि मला जे जमतं ते देते. त्याआधी मी विचारते, “तुमचं काय होतं?” म्हणजे काम कोणतं होतं. कारण टाके काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, दात साफ करायला अर्धा तास लागतो, आणि रूट कॅनल असेल तर पाऊण ते एक तास खुर्ची अडकते. शिवाय पुष्कळ दवाखान्यांत रूट कॅनलचे डॉक्टर बाहेरून येतात. आमच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळीच यायचे. पेशंट म्हणायचा, “गुरुवारी द्या,” आणि मी म्हणायचे, “गुरुवारी ते सर नसतात.” ही खेचाखेच तुमच्या संवादात कुठेच नाही.

आणि नाना, ‘पुढे म्हणजे नंतर’ हे अर्धंच खरं. ‘पुढची तारीख द्या’ म्हटलं की नंतरची. पण दवाखान्यात बसलेला माणूस “ताई, माझा नंबर जरा पुढे घ्या,” म्हणतो, तेव्हा त्याला आधी आत जायचं असतं. फोनवर नुसतं “अपॉइंटमेंट पुढे घ्या,” असं कुणी म्हणालं की मी दर वेळी उलट विचारायची, “म्हणजे लवकर की उशिरा?”

---

नाना_सदाशिव

रांगेचं वेगळं, तारखेचं वेगळं. मी तारखेबद्दल बोलत होतो. ‘पुढे ढकलणे’ यात कुणाचा गोंधळ होतो ते दाखवा.

---

काउंटरवरची

‘ढकलणे’ असलं की नाही होत, मान्य. ‘घेणे’ आलं की होतो. म्हणून शिकणाऱ्याला सोपं सांगा : उद्याच्या आधी हवी असेल तर ‘आधी’ किंवा ‘अलीकडे’, नाहीतर ‘नंतरची’. ‘पुढे’ कानाला कळलं तरी पुरे.

---

शिकतेय_मराठी

मी कोइंबतूरची. पुण्यात राहते, नवरा मराठी आहे. हे सगळं मी स्वतः टाईप करतेय, चुका झाल्या तर सांगा.

मला फोनवर तीन ठिकाणी अडतं. एक म्हणजे ‘तुमचं काय होतं?’ मला वाटलं, ती विचारते की मला काय आजार होता. मी सांगितलं, “काही नाही, मी ठीक आहे.” मग ती म्हणाली, “मग कशाला येताय?”

दुसरं पावणे. सवा आणि साडे मला येतात. पण ‘पावणेसात’ ऐकलं की माझ्या डोक्यात ‘सात’ राहतो आणि मी सातला जाते. सात वाजून गेले तरी मला वाटतं मी वेळेत आहे.

तिसरं सहा आणि दहा. फोनवर मला दोन्ही सारखे ऐकू येतात. घरचे हसतात, पण खरंच.

---

काउंटरवरची

यात हसण्यासारखं काही नाही, आम्हालाही तसंच ऐकू येतं. म्हणून आम्ही ‘संध्याकाळी सहा’, ‘सकाळी दहा’ असंच बोलतो, नुसता आकडा सांगत नाही. सात आणि साठचंही तेच. पैसे सांगताना ‘सातशे, सात-शून्य-शून्य’ असं सांगावं लागायचं.

---

दंतकथा

मी दातांची डॉक्टर, नाशिकला प्रॅक्टिस करते. संवाद भाषेचा असला तरी एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगते, कारण त्यावरच पेशंटने किती आग्रह धरायचा ते ठरतं.

दात साफ करायची अपॉइंटमेंट महिनाभर लांबली तरी फारसं बिघडत नाही. टाके साधारण आठवड्याने काढतो, दोन-तीन दिवस इकडेतिकडे चालतात. पण रूट कॅनलचं पहिलं सिटिंग झालेलं असेल तर दाढेच्या आतली नस काढून, औषध ठेवून, वरून तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं. ते मऊ असतं, चावून चावून झिजतं. फट पडली की लाळ आणि जंतू परत आत जातात, आणि मी केलेली सफाई मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय कॅप नसलेली पोकळ दाढ कडक काहीतरी चावताना उभी चिरू शकते, मग ती काढूनच टाकावी लागते. म्हणून आठवडा-दोन आठवडे ठीक, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ नको.

तेव्हा तुमच्या मीनाक्षीला ‘रूट कॅनलचं दुसरं सिटिंग’ हे शब्द बोलता आले पाहिजेत. नुसतं “माझी अपॉइंटमेंट होती,” म्हणाली तर रिसेप्शनवरची मुलगी तिला खुशाल पंधरवड्यानंतरची तारीख देईल. आणि सिमेंट निघालं असेल तर तेही सांगायला हवं. बरेच पेशंट हे फोनवर सांगतच नाहीत, आल्यावर खुर्चीत बसून सांगतात.

एक अपवाद. गालाची सूज वाढत चाललीय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतोय, असं असेल तर अपॉइंटमेंट बदलायच्या भानगडीत पडू नका. त्याच दिवशी दाखवायचं, आमचा दवाखाना बंद असेल तर हॉस्पिटलात जायचं. हे वाक्यही वर्गात येऊ द्या : “सूज वाढतेय, आजच दाखवायचंय.”

---

जर्सीतला_जोशी

आमच्याकडे न्यू जर्सीत हा फोन करायला माणूस घाबरतो. माझ्या डेंटिस्टकडे चोवीस तास आधी कळवलं नाही तर दंड लागतो. मी एकदा तेवीस तास आधी कळवलं आणि तरी त्यांनी बिल पाठवलं. तिथे असं काही असतं का? नसेल तर लोक सर्रास बुडवत असतील.

---

दंतकथा

माझ्याकडे दंड नाही. बुडवतात, हो. एक तास खुर्ची रिकामी आणि बाहेरून आलेले डॉक्टर चहा पीत बसलेले, असं होतं. म्हणून आदल्या दिवशीचा फोन मला प्रियच आहे.

---

खडूफळा

बँकेत बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्यांना मी मराठी शिकवते, त्या अनुभवावरून सांगते.

मास्तर, तुमच्या संवादात भाषेची चूक एकही नाही. अडचण अशी की दोघांनाही एकमेकांचं ऐकायची गरजच पडत नाही. पलीकडची बाई काहीही बोलली तरी मीनाक्षीचं पुढचं वाक्य तेच राहतं. पाठ करून धडाधड म्हणतात, आणि खऱ्या फोनवर पहिल्याच ‘तुमचं काय होतं?’ला गप्प होतात.

मी संवाद वाचायला देत नाही. दोन चिठ्ठ्या देते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघायची नाही, आणि दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत.

पेशंटची चिठ्ठी : उद्या मंगळवार १४, संध्याकाळी ६ वाजता रूट कॅनलचं दुसरं सिटिंग आहे. उद्या ऑफिसात ८ वाजणार. बुधवार-गुरुवार गावाला. शुक्रवारी साडेसहानंतर मोकळी. सिमेंटचा तुकडा निघालाय.

डायरीची चिठ्ठी : रूट कॅनलचे डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ५ ते ८:३०. या कामाला एक तास लागतो. शुक्रवार १७ : ५ ते ६ भरलेलं, ६ ते ६:४५ रिकामं, ६:४५ ते ७ टाके काढायचे एक पेशंट, ७ ते ७:४५ रिकामं, ७:४५ पासून पुढे भरलेलं. मंगळवार २१ : ५ ते ८ रिकामं.

आता बघा, डायरीवालीला सोपं काय? सरळ २१ तारीख देऊन मोकळं होणं. शुक्रवारी सलग एक तास दिसतच नाही. पेशंटने सिमेंटचं सांगितलं आणि “आधी नाही का मिळणार?” असं विचारलं, तरच ती डायरीत डोकं घालते. मग तिच्या लक्षात येतं की टाकेवाल्याला साडेसहाला बोलावलं तर ६:४५ ते ७:४५ हा तास मोकळा होतो. म्हणजे उत्तर निघतं पावणेसात. तेही मुद्दाम, कारण पावणे ऐकण्याची परीक्षा तिथेच होते.

शेवटी मी दोघांनाही न बोलता कागदावर दिवस, तारीख आणि वेळ आकड्यांत लिहायला सांगते आणि मग कागद शेजारी ठेवते. ‘हो हो, चालेल’ म्हणून ज्याने वेळ मारून नेली, त्याच्या कागदावर ७:४५ किंवा ७:१५ असतं. शिक्षकाने कान देऊन बसण्यापेक्षा यात चूक लवकर सापडते.

---

शिकतेय_मराठी

मी हे करून बघितलं, नवऱ्याबरोबर, पाठीला पाठ लावून. माझ्या कागदावर ७:४५ आलं 😀

पण मग मला एक सुचलं. ती ‘पावणेसात’ म्हणाली की मी लगेच विचारायचं, “म्हणजे सहा पंचेचाळीस ना?” हे वाईट दिसतं का? मराठी येत नाही असं वाटेल का?

---

काउंटरवरची

अजिबात नाही. आमचे कितीतरी मराठी पेशंटच असं विचारतात. उलट जो विचारतो तो वेळेवर येतो, म्हणून मला तो आवडतो.

---

कट्ट्यावरचा_मास्तर

सगळ्यांचं वाचून नवा संवाद लिहिलाय. हा वाचायला द्यायचा नाही, चिठ्ठ्यांचा खेळ झाल्यावर ‘असंही बोलता आलं असतं’ म्हणून दाखवायचा आहे.

— हां, बोला.
— ताई, उद्या संध्याकाळी सहाची माझी अपॉइंटमेंट होती. ती जरा बदलून मिळेल का?
— कुणाच्या नावावर आहे?
— मीनाक्षी नायर.
— तुमचं काय होतं?
— रूट कॅनलचं दुसरं सिटिंग. खालची, डावीकडची दाढ.
— एक मिनिट हं… काका, पावती घेतली का? … हां, बोला. उद्या काय झालं?
— उद्या ऑफिसात उशीर होणार आहे, सहाला जमणार नाही.
— मग पुढच्या मंगळवारी देऊ? एकवीस तारखेला?
— त्याच्या आधी नाही का मिळणार? सिमेंटचा थोडा तुकडा निघालाय.
— दुखतंय का? सूज वगैरे?
— सूज नाही. ठणका पण थांबलाय. चावताना तेवढं लागतं.
— मग लवकर दाखवलेलं बरं. पण हे सर मंगळवार-शुक्रवारच असतात. शुक्रवारी सहाला येता?
— सहाला नाही पोचणार. साडेसहानंतर कधीही चालेल.
— साडेसहानंतर… थांबा, बघते. एक टाके काढायचे आहेत, त्यांना अलीकडे बोलावते. पावणेसातला या.
— आवाज नीट आला नाही. पावणेसात का? म्हणजे सहा पंचेचाळीस?
— हो, पावणेसात. उशीर करू नका हं, तुमच्यामागे पेशंट आहे.
— नाही करणार. शुक्रवारी, सतरा तारखेला, संध्याकाळी पावणेसात. आणि उद्याची तेवढी कॅन्सल करा.
— केली. तोपर्यंत त्या बाजूने कडक काही खाऊ नका.
— बरं. थँक यू ताई. ठेवते.

---

दंतकथा

‘त्या बाजूने कडक काही खाऊ नका’ हे झकास. आमची मुलगी हे अगदी असंच सांगते, मी न सांगता.

---

काउंटरवरची

आता फोन खरा वाटतोय. एकच शंका. टाकेवाल्याला न विचारता मी त्याची वेळ हलवणार नाही. मी म्हणेन, “त्यांना विचारते आणि तुम्हाला फोन करते, नंबर सांगा.” म्हणजे मीनाक्षीला आपला नंबर सांगता आला पाहिजे, आणि नंतर माझा फोन आला की सगळं पुन्हा एकदा, या वेळी मी सुरू केलेलं. तो दुसरा फोन जास्त अवघड असतो, कारण माणूस बेसावध असतो. मी सरळ म्हणते, “शुक्रवारचं जमलं, या,” आणि ठेवून देते. वेळ कोणती, ते तिने विचारायचं.

---

खडूफळा

हे मी उचलते. पहिला फोन झाला की दहा मिनिटं दुसरंच काहीतरी शिकवायचं आणि मग अचानक डायरीवालीने फोन करायचा. मजा येईल.

आणखी एक निरीक्षण. मास्तरांनी नकळत ‘मला जमणार नाही’च्या धर्तीवर लिहिलंय, ते फार सोयीचं आहे. ‘मी येऊ शकले नाही’, ‘मी गेलो होतो’ म्हटलं की बाई-पुरुष बघून रूप बदलावं लागतं आणि शिकणारा तिथे थबकतो. ‘जमेल’, ‘जमणार नाही’, ‘चालेल’ यांत ती कटकटच नाही. बोलणाऱ्याने कुणीही असावं. शेवटी ‘ठेवते’ किंवा ‘ठेवतो’ एवढं एकच रूप पक्कं करून घ्यावं लागतं. आणि ‘बदला’ असं थेट सांगण्यापेक्षा ‘बदलून मिळेल का’ हे घोटून घ्या. हिंदीतून येणारे ‘बदलून द्या ना’ म्हणतात, त्याचंही कुणी वाईट वाटून घेत नाही.

---

रंकाळा_चौपाटी

आमच्या कोल्हापुरात हा फोन एवढा लांबत नाही बघा. “ताई, उद्या काय जमत नाही ओ. शुक्रवारी घ्या की.” “या सातला.” संपलं. तुमचा पुण्याचा संवाद म्हणजे निम्मा वेळ परवानगी मागण्यात. आमच्या गावात शिकलेला माणूस पुण्यात फोन करेल तर ‘घ्या की’ ऐकून पलीकडची बिचकेल का?

---

काउंटरवरची

सांगलीत नाही बिचकणार. पुण्याचं पुणेकरांना विचारा.

---

नाना_सदाशिव

पुणेकर बिचकत नाहीत, दुरुस्त करतात.

बाकी संवाद सुधारलाय हे मान्य. पण ‘कॅन्सल करा’, ‘थँक यू’ हे शिकवायला मराठीचा वर्ग कशाला हवा? ‘रद्द करा’ आणि ‘आभारी आहे’ हे काय बोजड शब्द आहेत? आणि मोबाईल नंबर सांगताना तरी मराठी आकडे बोलायला लावा. अठ्ठ्याण्णव, बावीस, सदतीस. शिकतील तरी.

---

खडूफळा

‘रद्द करा’ घेऊ, तो खरंच बोलण्यातला शब्द आहे. ‘आभारी आहे’ फोनवर मी तरी कुणाच्या तोंडून फारसं ऐकत नाही. काम झालं की “बरं ताई, येते मग,” म्हणून ठेवतात, त्यातच सगळं आलं.

नंबराचं मात्र पटत नाही. सदतीस आणि सत्तावीस फोनवर ऐकून लिहिताना आपलीच तारांबळ उडते, शिकणाऱ्याचं काय होईल? नंबर एकेक आकडा सुटा सांगावा, मराठीत किंवा इंग्रजीत. जोड्यांचा हट्ट नको. तारखा एकतीसच्या पुढे जात नाहीत, तेवढे आकडे पक्के झाले तर दवाखान्याचं काम भागतं.

---

नाना_सदाशिव

एकतीसवर भागवलं की पुढचे एकोणसत्तर कधीच येणार नाहीत. भाजी एकोणचाळीस रुपयांना मिळाली की पुन्हा हिंदी.

---

कट्ट्यावरचा_मास्तर

नाना, भाजीचा धडा झालाय, त्यात एकोणचाळीस होते. कुणालाच आले नाहीत.

---

शिकतेय_मराठी

एक शेवटचा प्रश्न. ‘परवा’चं काय? मी सोमवारी फोन केला आणि ती म्हणाली, “परवा या,” तर बुधवार. पण ती म्हणाली, “तुम्ही परवा आला होतात ना?” तर शनिवार. हे फोनवर पटकन कसं ओळखायचं? काल आणि उद्या मराठीत वेगळे आहेत, त्यामुळे हिंदीपेक्षा मराठी सोपं वाटत होतं.

---

खडूफळा

क्रियापदाकडे लक्ष ठेवा. ‘या’, ‘येते’, ‘देते’ असेल तर येणारा परवा. ‘होतात’, ‘केलं’, ‘आला’ असेल तर गेलेला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून वाक्य पूर्ण होईपर्यंत निर्णय करायचा नाही. आणि स्वतः बोलताना ‘परवा, बुधवारी’ असं वाराला जोडूनच बोला.

---

काउंटरवरची

मी डायरीत कधीच ‘परवा’ लिहिलं नाही, सांगताना मात्र दिवसभर तेच म्हणायची. वार विचारायचा, सरळ.

---

जर्सीतला_जोशी

माझ्या मुलीला या चिठ्ठ्या दिल्या. ती डायरीवाली झाली आणि मला म्हणाली, “शुक्रवार नाही, शनिवार नाही, सर गावाला गेलेत.” मी विचारलं, मग कधी? म्हणाली, “फोन करते.” अजून केलेला नाही.

---

कट्ट्यावरचा_मास्तर

@जर्सीतला_जोशी, ती तयार आहे, तिला कुठल्याही दवाखान्यात नोकरी मिळेल.

चिठ्ठ्यांचे सहा जोड लिहितोय, प्रत्येकात काम वेगळं ठेवतो : दात साफ करणं, टाके, कॅपचं माप, लहान मुलाचा किडका दात, कवळी सैल झालेली आजी, आणि एकात सूज वाढलेला पेशंट, ज्याला डायरी न बघता ‘लगेच या’ म्हणायचं आहे. दंतकथा, कॅपचं माप घ्यायला किती वेळ धरू?

---

दंतकथा

दाढ आधी घासून तयार असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, घासायची असेल तर पाऊण तास धरा. कॅप बसवायची अपॉइंटमेंट असेल तर डायरीच्या चिठ्ठीत ‘लॅबमधून कॅप आलेली नाही’ असंही लिहा. मग पेशंटला वेळ असूनही तारीख मिळणार नाही, आणि “आली की कळवाल का?” हे वाक्य आपोआप बाहेर पडेल.